माझं लिव्हर ताईला चाललं नाही

मी दारुडा नव्हतो. हे वाक्य लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण माझ्या आजारपणाचा सगळा घोळ या एका वाक्यात आहे. दारुडा कोण, तर जो रोज पितो, सकाळी पितो, बायकोला मारतो, नोकरी घालवतो. मी यातलं काहीच करत नव्हतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला नोकरी, हाताखाली तीस माणसं, कोथरूडला फ्लॅट, दहावीतली मुलगी. प्यायचो फक्त शनिवारी, आणि मॅच असली तर रविवारी.

लोक आजाराबद्दल लिहितात तेव्हा त्यांना काहीतरी दुखत असतं. मला काहीच दुखत नव्हतं. म्हणून तर लिहायला बसलोय. तुम्हालाही काही दुखत नसेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

सर्व्हिसिंग

आमची शनिवारची चौकडी सतीशच्या टेरेसवर जमायची. सतीश माझा कॉलेजपासूनचा मित्र, आमच्याच सोसायटीत राहणारा. श्रावण आम्ही चौघंही कडक पाळायचो. गटारीला कोटा पूर्ण करायचा आणि मग महिनाभर थेंब नाही. मला त्याचा फार अभिमान होता. "सवय असती तर महिनाभर सुटली असती का?" असं मी मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, दरवर्षी ऐकवायचो.

ती म्हणायची, "अहो, महिनाभर सुटते ती पाळता म्हणून. अकरा महिने धरता त्याचं काय?"

कंपनीची वार्षिक तपासणी असायची. एचआरकडून तीन महिन्यांची मुदत मिळायची, त्यातली कुठलीही तारीख घ्या. आम्ही चौघंही, आपापल्या कंपन्यांत, श्रावण संपता संपताची तारीख घ्यायचो. सतीश म्हणायचा, "गाडीचं सर्व्हिसिंग करायचं आणि मगच पीयूसी काढायची." आम्ही खो खो हसायचो. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल यायचे. ते मी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवायचो, मीनलला दिसावेत म्हणून. काय हा शहाणपणा!

ताई

माझी बहीण वंदनाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कारखान्यात नोकरी लागली तशी ती पुण्याला आली. विश्रांतवाडीत दोन खोल्यांचं घर घेतलं. इंजिनिअरिंगला मला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा त्या दोन खोल्यांतली एक तिने मला दिली. चार वर्षं मी तिथे राहिलो. तिला मूल झालं नाही. "एक आहे ना, इतका खातो," असं ती माझ्याकडे बोट दाखवून बायकांना सांगायची.

ताईचं लिव्हर खराब झालं ते दारूने नाही. तिने आयुष्यात कधी वासही घेतला नसेल. तिच्या शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच तिच्या लिव्हरवर उलटली होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. पोटात पाणी भरायला लागलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. आणि वर शेजारच्या बायका भाऊजींना आडून विचारायच्या, "वहिनी कधी... घ्यायच्या का हो?" ताई त्यावर हसायची. मला मात्र भयंकर राग यायचा.

मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता औषधांवर भागणार नाही, प्रत्यारोपण लागेल. मृत व्यक्तीच्या अवयवासाठी नाव नोंदवलं, पण ती रांग लांबलचक. दुसरा मार्ग म्हणजे जवळच्या नातेवाइकाने आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत वाढतं. भाऊजी साठीचे आणि डायबेटिसवाले, त्यामुळे ते बाद. उरलो मी. वय चव्वेचाळीस, रक्तगट जुळणारा.

"मी देतो," मी म्हणालो. एक क्षणही विचार केला नाही. आयुष्यात ताईसाठी काही करायची ही पहिलीच वेळ होती, आणि मला छाती फुगल्यासारखं वाटत होतं. वर म्हणालो, "माझे रिपोर्ट दरवर्षी क्लीन असतात, डॉक्टर."

पांढरं आणि काळं

सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम शांत होत्या. पोटावर थंड जेल लावलं, उजव्या बरगड्यांखाली प्रोब दाबला, "श्वास भरा, धरून ठेवा" असं चार-पाच वेळा सांगितलं.  मी विचारलं, "सगळं ठीक ना?" त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"ही तुमची किडनी. हे शेजारी लिव्हर. दोन्हींचा रंग साधारण सारखा दिसायला हवा."

किडनी करडी होती. लिव्हर पांढरट, दुधाळ, आणि जसजसं खोल जावं तसतसं धूसर. त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या कडाही नीट दिसत नव्हत्या. "चरबी आहे," त्या म्हणाल्या. "पेशींमध्ये साठलेली. ग्रेड टू, म्हणजे मध्यम."

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटलं. मी पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. माझंच होतं.

दोन दिवसांनी सीटी स्कॅन झाला. त्यात उलटं असतं. निरोगी लिव्हर डाव्या बाजूच्या प्लीहेपेक्षा, म्हणजे स्प्लीनपेक्षा, थोडं उजळ दिसतं आणि चरबी भरलेलं काळं पडतं. माझं काळं होतं. एका यंत्रात पांढरं, दुसऱ्यात काळं, आणि दोन्हींचा अर्थ एकच.

प्रत्यारोपणाच्या सर्जनसमोर मी आणि मीनल बसलो. पन्नाशीचे, अस्सल पुणेरी गृहस्थ. त्यांनी विचारलं, "किती घेता?"

"फक्त वीकेंडला. तीन पेग."

"वीकेंड किती दिवसांचा असतो तुमचा?"

मीनल खाली बघत होती. मी रक्ताच्या रिपोर्टचं आणि श्रावणाचं सांगितलं. सांगताना आवाजात अजूनही थोडी ऐट होती, हे आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"रक्तातली एन्झाइम्स सूज दाखवतात, चरबी नाही," ते म्हणाले. "महिनाभर पिणं थांबवलं की ती उतरतात. चरबीही थोडी उतरते. मग अकरा महिने तुम्ही ती पुन्हा भरता. लिव्हरसमोर दारू आली की ते बाकीची कामं बाजूला ठेवून आधी दारूचा निपटारा करतं. तोवर चरबी जळायची थांबते आणि साठत जाते. त्यावर तुमचे तळलेले काजू, चिकन आणि हे पोट. आठवड्याचं एका बैठकीत प्यायलं म्हणजे लिव्हरला सहा दिवस सुट्टी मिळते, असा हिशेब नसतो."

"पण द्यायला तर चालेल ना?"

"नाही चालणार."

त्यांनी कारणं सांगितली. चरबी भरलेला तुकडा दुसऱ्याच्या शरीरात नीट काम सुरू करत नाही, म्हणजे ताईला धोका. आणि उरलेला तुकडा माझ्यात नीट वाढत नाही, म्हणजे मला धोका. "एका पेशंटचे दोन पेशंट करायला मी बसलेलो नाही," ते म्हणाले.

मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "ही अवस्था मागे फिरणारी आहे. व्रण पडायला लागले की परत फिरणं अवघड होतं. तुमचे अजून पडलेले दिसत नाहीत. आठ आठवडे द्या. दारू पूर्ण बंद, आठ-दहा किलो वजन कमी. मग पुन्हा स्कॅन. गरज पडली तर सुई घालून तुकडा तपासू."

"आणि ताईकडे आठ आठवडे आहेत का?" मीनलने विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीनललाही ती हे वाचेल तेव्हाच कळेल. त्या संध्याकाळी मी प्यायलो.

मीनल इराला, आमच्या मुलीला, क्लासहून आणायला गेली होती. मी कपाटातली बाटली काढली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच एक मोठा घोट कोरा घेतला. वार गुरुवार होता. गुरुवारी मी कधीच प्यायलो नव्हतो. भीती वाटली आणि हात आपोआप तिकडे गेला. तेव्हा मला कळलं की शनिवारचं कुंपण मी घातलेलं नव्हतंच, ते नोकरीने घातलेलं होतं.

उरलेली बाटली मी सिंकमध्ये ओतली. यात शौर्य काही नव्हतं. मीनल यायच्या आत चूळ भरली.

केकचा कप

दाता म्हणून पुढे आलेल्याच्या घरच्यांशी हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाई वेगळ्या बोलतात. त्यांनी मीनलला विचारलं, "पेग म्हणजे किती?" मीनलला सांगता येईना. "घरी मोजून बघा," बाई म्हणाल्या. "साहेब नेहमीच्या ग्लासात नेहमीइतकं पाणी ओततील. तुम्ही मोजा."

रविवारी सकाळी आम्ही तिघं डायनिंग टेबलापाशी बसलो. इराला केक करायचा नाद, तिच्याकडे खुणा केलेला मापाचा कप होता. मी माझ्या जाड बुडाच्या ग्लासात पाणी ओतलं, हात नेहमी थांबायचा तिथे थांबलो. इराने ते कपात ओतलं आणि कप डोळ्यांसमोर धरला.

"नव्वद मिली."

"पुन्हा बघ," मी म्हणालो.

तिने पुन्हा ओतायला लावलं. या वेळी पंच्याण्णव.

बाहेर बारमध्ये छोटा पेग तीसचा असतो. म्हणजे माझे तीन पेग हे नऊ होते. खोटं बोलत नव्हतो मी, खरंच मला तीनच वाटत होते. इराने वहीच्या कागदावर नव्वद गुणिले तीन लिहिलं आणि उत्तर लिहिलं नाही. "बाबा, आत्या मरणार नाही ना?" तिने विचारलं.  मीनलनेच तिला जवळ घेतलं.

ताईला सांगणं

ताईला कुणी सांगायचं? भाऊजी म्हणाले, "सांगू नकोस, बीपी जास्त निघालं म्हण." मला पटलं नाही. तिच्याशी खोटं बोलून मी तिच्यासमोर बसू शकलो नसतो.

विश्रांतवाडीला गेलो. ती खिडकीशी बसली होती, पाय उशीवर. मी सगळं सांगितलं, नव्वद मिलीसुद्धा. आणि रडायला लागलो.

"काऊन रडून राहिला रे?" ती म्हणाली. पुण्यात तीस वर्षं काढूनही माझ्याशी ती घरचंच बोलायची. "बरं झालं माझ्यापायी तुह्यं पोट पाहिलं कोणी. नाहीतर तू कधी दाखवणार होता?"

"आठ आठवडे थांब ताई. मी करतो नीट."

"थांबते. कुठं जाऊन राहिली मी?" मग माझ्या पोटावर बोट टोचून म्हणाली, "पण जेवण सोडू नको. उपाशी पोरगा मले चालत नाही."

आठवडे

आता जे लिहितोय ते ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. पहिले दोन आठवडे झोप लागत नाही. चिडचिड होते. गोड खावंसं वाटतं, इतकं की मी इराच्या चॉकलेटवर हात मारला. सरबत, पॅकबंद ज्यूस, साखरेचा चहा, हे सगळं बंद करावं लागतं, कारण साखरेचीही चरबीच होते. लिव्हरची म्हणून मिळणारी पाचक सिरपं मी डॉक्टरांना दाखवली. "रिकामी बाटली फुलदाणी म्हणून छान दिसते," ते म्हणाले.

रोज सकाळी टेकडी. पहिल्या दिवशी अर्ध्यात दम लागला. एक भाकरी, उसळ, कोशिंबीर, ताक. शनिवार सगळ्यात वाईट. सतीशचा फोन यायचा. पहिल्या शनिवारी म्हणाला, "एक बिअर घे रे, बिअरला कोण दारू म्हणतं?" दुसऱ्या शनिवारी मी त्याला ताईचं सांगितलं. तो तिसऱ्या शनिवारी सकाळी सहा वाजता टेकडीच्या पायथ्याशी उभा होता. "चल," इतकंच म्हणाला. कधीकधी देव असा बूट घालून येतो.

चौथ्या आठवड्यात पाच किलो उतरले. ताईला दर रविवारी वजन सांगायचो. ती ते कॅलेंडरवर लिहून ठेवायची. त्या काळात तिच्या पोटातलं पाणी दोनदा सुईने काढावं लागलं. माझं पोट उतरत होतं, तिचं भरत होतं. 

सहावा

सहाव्या आठवड्यात ताईला ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. आयसीयूत नेलं. लिव्हर रक्त शुद्ध करेनासं झालं की विष मेंदूपर्यंत जातं आणि माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं. तिने मला ओळखलं नाही. मला ती आमचे वडील समजत होती आणि सांगत होती, "पोराले पुण्याले पाठवा, मी सांभाळते."

मी सर्जनकडे धावलो. "आत्ता घ्या. आहे तसं घ्या. सात किलो उतरलेत. मी लिहून देतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जंतुसंसर्ग अंगात पसरलेला असताना प्रत्यारोपण करता येत नाही. तुमचं लिव्हर उत्तम असतं तरी आज केलं नसतं."

"आणि सहा आठवड्यांपूर्वी उत्तम असतं तर?"

 खोटा दिलासा देणारा माणूस नव्हता तो. "तर बहुधा ऑपरेशन होऊन गेलं असतं," ते म्हणाले. "ती वाचली असती की नाही, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

ताई मंगळवारी सकाळी गेली. भाऊजी बाहेर बाकावर बसून होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

लोक म्हणाले, तिचं आयुष्यच तेवढं होतं. म्हणू देत. मला माझ्यापुरतं एवढं माहीत आहे की तिला एक संधी होती, ती माझ्या पोटात होती, आणि मी ती वाया घालवली होती. हे ओझं कमी करावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. ते कमी होणारं नाही, आणि व्हावं असंही मला वाटत नाही.

तारीख

तेराव्यानंतर सतीशने एकदाच विचारलं, "आता काय करणार आहेस?" त्याला वाटलं असावं की मी पुन्हा सुरू करीन. मलाही वाटलं होतं. पहिले चार दिवस अगदी तीव्र वाटलं. आता कोणासाठी थांबायचं? पण सकाळी सहाला पाय आपोआप टेकडीकडे वळायचे, आणि घरात इरा होती, जी हल्ली माझ्या प्रत्येक ग्लासाकडे बघायची, पाण्याच्यासुद्धा. ती नजर मीच तिला दिली होती. ती मला काढायची होती.

दुसऱ्या स्कॅनची तारीख जवळ आली. मी जाणार नव्हतो. आदल्या दिवशी भाऊजींचा फोन आला.

"उद्या तुझं स्कॅन आहे ना? इथे कॅलेंडरवर लिहिलंय तिने."

"आता कशाला, भाऊजी?"

"तिने लिहिलंय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

गेलो. त्याच मॅडम होत्या. त्यांना ताईचं कळलेलं नव्हतं. जेल, श्वास भरा, धरून ठेवा. या वेळी त्या हसल्या आणि पडदा स्वतःहून वळवला. किडनी आणि लिव्हर, दोन्ही एकाच करड्या रंगाचे, शेजारी शेजारी. रक्तवाहिन्यांच्या कडा स्वच्छ. "फार मेहनत घेतलीत," त्या म्हणाल्या. "आता सीटी करून घ्या. बहुतेक चालेल तुमचं."

मी "थँक यू" म्हणालो. पोटावरचं जेल पुसलं. त्यांना काही सांगितलं नाही, त्यांचा तो आनंद कशाला घालवायचा? सीटी केला नाही. बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि तोंडावर रुमाल धरून रडलो.

रिपोर्ट घेऊन तसाच विश्रांतवाडीला गेलो. भाऊजींनी चष्मा लावला. वरची ओळ त्यांनी दोनदा वाचली. तिथे माझं नाव होतं, त्याखाली 'दाता तपासणी', आणि त्याखाली ज्याला द्यायचं त्याचं नाव, वंदना. मग शेवटची ओळ वाचली. लिव्हर नॉर्मल.

"म्हणजे आता चाललं असतं," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, दुःखानेही नाही, एखादी बातमी कळल्यावर हलवावी तशी. कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

"मला माफ करा भाऊजी," मी म्हणालो.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला. मग आतूनच म्हणाले, "भात टाकतोय. तिने सांगून ठेवलंय, तुला उपाशी पाठवायचं नाही म्हणून."

मी हात धुऊन आलो आणि जेवायला बसलो.